सहा ओळींचा भात

ज्याने आजवर गॅससुद्धा पेटवलेला नाही त्याच्यासाठी कृती लिहायची ठरल्यावर मी पदार्थ निवडला तो साधा भात. कुकरमधला नाही, पातेल्यातला. कुकर प्रत्येकाकडे असेलच असं नाही, पण झाकण असलेलं एक पातेलं बहुतेकांकडे असतं. शिवाय भाताला जिन्नस तीनच लागतात, तांदूळ, पाणी आणि मीठ. त्यामुळे बिघडलं तर दोष मसाल्यावर ढकलता येत नाही. जे बिघडतं ते कृतीच्या शब्दांमुळेच बिघडतं आणि तेच मला बघायचं होतं.

इन्स्टाग्रामवर घरच्या पदार्थांचे फोटो आणि त्यांच्याखाली कृती मी बरेच दिवस लिहितेय. वाचणारे बहुतेक मुरलेले असतात. 'परतून घ्या' म्हटलं की किती, कशात, कुठल्या रंगावर, हे ते स्वतःच भरून घेतात. त्यामुळे भाताची पहिली कृती मी सवयीने अशी लिहिली:

'तांदूळ धुऊन निथळत ठेवावेत. दुप्पट पाण्याचं आधण ठेवावं. आधण आलं की तांदूळ वैरावेत. चवीपुरतं मीठ घालून मंद आचेवर पाणी आटू द्यावं. मग दमदमीत वाफ आणावी.'

वाचायला छान आहे आणि थोडक्यातही आहे. ही कृती घेऊन मी माझ्या भाचीला ओट्यापाशी उभं केलं. ती नुकतीच एकटी राहायला लागली होती आणि स्वयंपाकात तिची मजल चहापर्यंत होती. अट एकच ठेवली, तिने विचारायचं नाही आणि मी बोलायचं नाही. तिने फक्त वाचायचं आणि करायचं. जिथे अडेल तिथे मोठ्याने म्हणायचं, म्हणजे मला लिहून घेता येईल.

पहिल्या ओळीतच थांबली. "निथळत किती वेळ, हे लिहिलं नाहीये." दुसऱ्या ओळीत "दुप्पट कशाच्या? तांदळाच्या वजनाच्या की मापाच्या? आणि आधण म्हणजे काय गं मावशी?" मी गप्प. तिने अंदाजाने पाणी ठेवलं, कडेला बारीक बुडबुडे दिसू लागल्याबरोबर तांदूळ ओतले आणि 'मंद' वाचून गॅस तिथल्या तिथे अगदी बारीक केला. पाणी अजून उकळलंच नव्हतं. तांदूळ कोमट पाण्यात पडून राहिले, बाहेरून भिजून फुगले आणि आत कणी तशीच राहिली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "पाणी आटलं हे कसं कळतं? भातावर दिसत नाही, पण खाली असेल ना?"

या प्रश्नाने माझं काम बदललं. तोवर मी धरून चालले होते की नवशिक्यासाठी लिहायचं म्हणजे लांब कृती आखूड करायची. इथे तर कृती आधीच आखूड होती. पंचवीस शब्द होते, पण त्यातला निम्मा भाग 'मला माहीत आहे, तुलाही असेल' या भरवशावर उभा होता. आधण, मंद, चवीपुरतं, वाफ आणणं, यातला प्रत्येक शब्द म्हणजे वर्षानुवर्षांच्या सवयीची गुंडाळी. ती उलगडली नाही तर नवख्याला काही कळत नाही आणि सगळी उलगडली तर कृती पानभर होते.

पानभर करूनही पाहिली. पाणी किती तापलं म्हणजे उकळलं, तांदूळ का धुवायचे, स्टार्च म्हणजे काय, झाकण का ठेवायचं, सगळं सविस्तर लिहिलं. ते वाचून भाचीला भात कळला, पण करता आला नाही. ओट्याजवळ वाचणं ही गोष्टच वेगळी असते. हात ओले, फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला, पडदा मध्येच काळा होतो, कोपराने चालू करावा लागतो आणि चालू झाल्यावर आपण कुठल्या ओळीवर होतो ते सापडत नाही. ती 'स्टार्च बाहेर येऊन भात चिकट होतो' हे वाक्य वाचत होती तेव्हा शेजारी पातेलं उतू जात होतं. इन्स्टाग्राम कॅप्शनला 2200 अक्षरं देतं. पण ओट्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात एका नजरेत एक कामच मावतं. मर्यादा ती धरायची.

मग मी शब्द मोजणं सोडलं आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायला लागले. ही ओळ वाचून माणूस हाताने काय करील आणि ते करणं थांबवायचं कधी, हे त्याला कशावरून कळेल? ज्या ओळीला या दोन्हींचं उत्तर नव्हतं ती एकतर बदलली, नाहीतर गेली.

सगळ्यात जास्त वेळ पाण्याने खाल्ला.

'दुप्पट पाणी' हे आपण सगळे म्हणतो. एक कप तांदळाला ते बरोबरही निघतं. पण त्यातलं सगळं पाणी काही तांदूळ पीत नाही. पांढरा तांदूळ शिजताना साधारण आपल्या मापाएवढं पाणी पोटात घेतो, म्हणजे कपाला कपभर. उरलेला कप वाफ होऊन उडून जातो. आता वाफ किती उडेल हे तांदळावर कमी आणि पातेल्याच्या तोंडावर, आचेवर, वेळेवर जास्त ठरतं. म्हणून त्याच पातेल्यात तीन कप तांदूळ घेतले तर उडणारं पाणी तिप्पट होत नाही. तिथे सहा कप पाणी घातलं तर भात पाण्यात उगाच उकळत राहतो, दाणे फुटतात आणि आसट, गिच्च गोळा होतो. वाचणारा म्हणतो, मी कृतीप्रमाणेच केलं, फक्त तिप्पट केलं. त्याचं खरंच असतं.

हे सगळं कॅप्शनमध्ये लिहायचं म्हणजे अर्धी जागा तिथेच गेली. बराच विचार करून एक ओळ सापडली: 'पाणी = तांदळाएवढं, आणि वर 1 कप.' एक कपाला दोन, दोन कपाला तीन, तीन कपाला चार. कारण सांगितलेलं नाही, पण कारणातून निघालेला हिशोब तेवढा आहे. मापाचं पातेलं फार पसरट असेल तर पाणी थोडं जास्त उडतं आणि घट्ट, उभट असेल तर थोडं कमी. पण पुढच्या पायरीवर त्याची भरपाई करायला जागा आहे, म्हणून ते मी सोडून दिलं.

कप कुठला, हा प्रश्न मात्र सोडता येत नव्हता. कुणाचा कप 240 मिलीचा, कुणाचा 250 चा आणि कुणी चहाचाच कप घेतो. भातात मापापेक्षा प्रमाण महत्त्वाचं. तेव्हा 'तांदूळ आणि पाणी एकाच कपाने मोजा' एवढं लिहिलं की मिलीलिटर लिहायची गरज उरत नाही. हे केकला चालणार नाही, तिथे मैदा कपाने मोजणाऱ्याचा मैदा दाबून भरलाय की भुरभुरलाय यावरही फरक पडतो. भाताला चालतं. प्रत्येक पदार्थाचं कुठलं माप सैल सोडलं तर चालतं आणि कुठलं नाही, हे लिहिणाऱ्याला माहीत असायला हवं. वाचणाऱ्याला ते कळण्याची गरज नाही.

मिठाबद्दल फार लिहीत नाही. 'चवीपुरतं' हा शब्द ज्याला आधी चव घेता येते त्याच्यासाठी आहे. कच्च्या तांदळाच्या पाण्याची चव घेऊन नवख्याला काय कळणार? कपाला अर्धा छोटा चमचा, असा आकडा दिला. छोटा म्हणजे चहात साखर ढवळायचा. लोकांना अळणी वाटलं तर वरून घालतील. खारट भाताला इलाज नाही, त्यामुळे आकडा मुद्दाम कमीच ठेवला.

दुसरी मोठी अडचण आचेची. 'मंद', 'मध्यम', 'मोठी' हे शब्द शेगडीच्या बटणाकडे बघून कळत नाहीत. एकाची मंद ती दुसऱ्याची मध्यम असते. म्हणून आचेची ओळख बटणावरून नाही, पातेल्यात काय दिसतं त्यावरून करून द्यायचं ठरवलं. मोठे बुडबुडे येऊन पाणी खळखळतंय ही मोठी आच. बुडबुडे सतत आहेत पण पाणी काठाबाहेर येत नाही ही मध्यम. बारीक आच तेवढी बटणावर सोडली, 'शेगडी जितकी बारीक होते तितकी', कारण तेव्हा झाकण असतं आणि आत बघायचं नसतं.

'आधण आलं की तांदूळ वैरा' ही पद्धतच मी बदलली. माझ्या आईच्या हातची ती पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे. पण त्यात उकळतं पाणी, ओले तांदूळ आणि ओतण्याची घाई एकत्र येते आणि नवख्याच्या हातावर वाफ येते. थंड पाण्यात तांदूळ घालून मग गॅस पेटवला तरी भात नीट होतो. एक पायरीही कमी होते आणि 'उकळलं म्हणजे कधी' हे आधी ओळखण्याचा ताणही जातो. लिहिताना शब्द कमी करण्याचा खरा मार्ग हा असतो, हे मला तिथे पटलं. वाक्य छाटण्यापेक्षा कृतीच सोपी करावी. 20 मिनिटं तांदूळ भिजवणंही मी याच हिशोबाने काढलं. भिजवलेल्या तांदळाचा दाणा लांब होतो हे खरं, पण भिजवला की पाण्याचं प्रमाण कमी करावं लागतं आणि कृतीत एक 'जर' शिरतो. नवख्याच्या कृतीत 'जर' जितके कमी तितकं बरं.

आता ती 'पाणी आटलं हे कसं कळतं' ची जागा. मी पहिल्यांदा तिथे वेळ लिहिली, '8 मिनिटांनी झाकण ठेवा'. भाचीने घड्याळ लावलं, 8 मिनिटांनी झाकण ठेवलं आणि आत अजून बोटभर पाणी होतं. तिचं पातेलं उभट होतं आणि शेगडीही हळू तापणारी. घड्याळाची चूक नव्हती. आठ मिनिटं माझ्या ओट्यावरची होती. त्यामुळे मी शेजारी उभी राहून पातेल्यात काय काय होतं ते पहिल्यांदा नीट बघितलं. इतकी वर्षं भात केला, पण 'झालंय' हे मला नुसतं कळायचं, कशावरून ते सांगता आलं नसतं.

आधी पाणी पांढुरकं होतं आणि दाणे खालून वर, वरून खाली गरगर फिरतात. मग पाणी खाली जातं आणि फिरणं थांबतं. दाणे आपापल्या जागी बसतात. मग बुडबुडे पाण्यातून नाही, दाण्यांच्या मधून वर येतात आणि येताना वाट पाडतात. भातावर पेन्सिलच्या टोकाएवढी भोकं दिसायला लागतात. त्यांच्यातून फुसफुस करत वाफ येते, पण वर पाणी साचलेलं दिसत नाही. आवाजही बदलतो. खळखळ जाऊन तडतडीकडे झुकलेला, जरा कोरडा आवाज येतो. झाकण ठेवायची हीच वेळ. याच्या आधी ठेवलं तर भात पाण्यात उकडतो. फार उशीर केला तर बुडाला लागायला सुरुवात होते आणि आवाजासोबत भाजकट वासही येतो.

यातलं कॅप्शनमध्ये गेलं ते एवढंच: 'वर पाणी दिसेनासं झालं आणि भोकं दिसली की'. आठ शब्दांत खूण बसली आणि तिला ना घड्याळ लागतं, ना पातेल्याचा आकार, ना शेगडीची जात. पाणी थोडं जास्त पडलं असेल तर भोकं थोडी उशिरा पडतील, एवढंच. पाण्याच्या ओळीत मी जी सूट घेतली होती तिची भरपाई इथे होते.

वेळ मी पूर्ण काढली नाही. झाकण ठेवल्यावर आत बघता येत नाही, तिथे घड्याळच लागतं. म्हणून नियम असा झाला की दिसतं तोवर खूण आणि झाकलं की मिनिटं. झाकणाखाली 10 मिनिटं बारीक आच, मग आचेवरून उतरवून आणखी 10 मिनिटं तसंच झाकून ठेवायचं.

दुसऱ्या 10 मिनिटांवरून भाचीशी वादच झाला. "भात शिजलाय, मग कशाला थांबायचं? भूक लागलीये." भात लगेच उघडून ढवळला तर वरचे दाणे जरा कोरडे असतात, खालचे ओले आणि सगळेच मऊ, त्यामुळे उलथन्याखाली मोडतात. झाकून ठेवलं की आतली वाफ आणि ओल सगळीकडे सारखी पसरते. दाणा थोडा निवतो तसा घट्ट होतो आणि मग सुटा होतो. हे तिला बोलून पटलं नाही. दोन पातेल्यांत सारखाच भात केला, एक लगेच उघडलं, एक थांबून. लगेच उघडलेल्यात चमचा ओढला तर मागे लापशीसारखी रेघ राहिली. दुसऱ्यात दाणे आपोआप सुटून पडले. ती काही बोलली नाही, थांबलेल्या पातेल्यातलाच भात तिने वाढून घेतला. कॅप्शनमध्ये कारणाला जागा नव्हती, पण 'थांबा' हा शब्द स्वतंत्र ओळीवर घेतला. आधीच्या ओळीला चिकटून असला की लोक तो गिळतात.

'झाकण उघडू नका' कुठे लिहायचं यालाही थोडा खल झाला. आधी मी ते शेवटी टीप म्हणून लिहिलं होतं. टीप वाचेपर्यंत झाकण दोनदा उघडून झालेलं असतं. उघडलं की वाफ निघून जाते आणि वरचा थर कच्चट राहतो, कारण शेवटी तो शिजतो तो वाफेवरच. सूचना ज्या हाताला थांबवायची आहे त्या हाताच्या आधी यायला हवी, म्हणून ती झाकण ठेवण्याच्या ओळीतच घातली. 'नका' हा शब्द संपूर्ण कृतीत इथेच ठेवला. दहा ठिकाणी 'नका, नका' असलं की एकही लक्षात राहत नाही.

धुण्याच्या ओळीत 'पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा' असं बहुतेक ठिकाणी असतं. नवखा माणूस ते शब्दशः घेतो आणि पाणी अगदी नितळ होईपर्यंत धुतच बसतो. ते तसं होत नाही, दाणे मात्र चोळून चोळून तुटतात. धुवायचं ते दाण्यावरची पीठूळ भुकटी जावी म्हणून, ती राहिली तर भात चिकटतो. तीन पाण्यांनी पुरेशी जाते. इथे खुणेपेक्षा आकडाच बरा, म्हणून '3 वेळा' लिहिलं. त्यापुढे 'पाणी पूर्ण ओतून टाका' हे महत्त्वाचं. धुतलेल्या तांदळाच्या तळाशी दोन घोट पाणी राहिलं तर तेवढं मापाबाहेरचं पाणी भातात जातं. पहिल्या कृतीतल्या 'निथळत ठेवा' चा मतलब तोच होता, पण तो शब्द वाट बघायला लावतो. हात लावून पातेलं तिरकं केलं की काम होतं.

शेवटी कॅप्शन असं झालं:

पातेल्यातला साधा भात
2 जणांना पुरेल · 35 मिनिटं · झाकणाचं पातेलं हवं
लागेल: तांदूळ 1 कप, पाणी 2 कप (त्याच कपाने), मीठ अर्धा छोटा चमचा

1. तांदूळ 3 वेळा धुवा. पाणी पूर्ण ओतून टाका.
2. पातेल्यात तांदूळ, 2 कप पाणी, मीठ घाला. मोठी आच, झाकण नको.
3. खळखळून उकळलं की एकदा ढवळा. आच मध्यम करा.
4. वर पाणी दिसेनासं झालं आणि भोकं दिसली की झाकण ठेवा, आच सगळ्यात बारीक. 10 मिनिटं. झाकण उघडू नका.
5. आचेवरून उतरवा. झाकलेलंच 10 मिनिटं थांबा.
6. चमच्याने कडेकडेने हलवून सुटा करा.

जास्त करायचाय? पाणी = तांदळाएवढं, आणि वर 1 कप.
कच्चा राहिला? 3 चमचे गरम पाणी शिंपडा, झाकून 5 मिनिटं बारीक आच.
ओला राहिला? झाकण काढून 3 मिनिटं बारीक आच.

दुसऱ्या पायरीत '2 कप पाणी' परत लिहिलंय ते मुद्दाम. वर साहित्यात ते आहेच, पण मापासाठी वाचणाऱ्याला ओल्या हाताने परत वर सरकायला लावायचं नाही. दोन शब्दांची पुनरुक्ती परवडते. नावाखालच्या ओळीत किती जणांना, किती वेळ आणि कुठलं भांडं, हे ठेवलं कारण कॅप्शन दाबून उघडण्याआधी तेवढंच दिसतं. 'हा भात म्हणजे माझ्या लहानपणी' वगैरे लिहिण्याचा मोह मलाही होतो. तो खाली लिहावा, नाहीतर दुसऱ्या फोटोखाली.

शेवटच्या दोन ओळी, म्हणजे कच्चा आणि ओला, आधी नव्हत्या. त्या भाचीच्या हट्टावरून आल्या. "चुकलं तर काय करायचं हे माहीत असलं की मी घाबरत नाही," असं तिचं म्हणणं. ते बरोबर निघालं. आधी ती दर मिनिटाला झाकणाकडे हात नेत होती, या दोन ओळी आल्यावर नेणं थांबलं. ओला भात दुरुस्त होतो तो पाणी नुसतं राहिलं असेल तेव्हाच. दाणे फुटून गोळा झाला असेल तर तीन मिनिटांनी काही होत नाही. तो भात दुधात किंवा ताकात कालवून खावा आणि पुढच्या वेळी पाणी मोजावं.

मग हे कॅप्शन मी तिच्याव्यतिरिक्त आणखी दोघांना दिलं. दोघेही स्वयंपाकात कोरे. एका मित्राकडे विजेची तबकडीची शेगडी आहे. त्याचा भात बुडाला लागला. त्याने सगळं लिहिल्याप्रमाणे केलं होतं, भोकं दिसल्यावर बटण अगदी खाली नेलं होतं. पण ती तबकडी बटण फिरवल्याबरोबर निवत नाही, कितीतरी वेळ तापलेलीच राहते. गॅसची ज्योत लगेच कमी होते, तिची सवय माझ्या हाताला. त्याला सांगितलं की भोकं दिसली की पातेलं एक मिनिट उचलून बाजूला ठेव, तबकडी निवू दे, मग परत ठेव. किंवा दुसरी छोटी तबकडी आधीच बारीक करून ठेव आणि पातेलं तिच्यावर हलव. मूळ कृतीत मी हे घातलं नाही. गॅसवाल्यांना तो फुकटचा गोंधळ झाला असता. पण पाचव्या पायरीत 'गॅस बंद करा' होतं ते बदलून 'आचेवरून उतरवा' केलं. गॅस, तबकडी, इंडक्शन, काहीही असो, उतरवलं म्हणजे उतरवलं.

दुसऱ्या मैत्रिणीने फोटो पाठवला आणि विचारलं, "भोकं दिसतायत, पण मधेच, कडेला पाणी आहे. आता झाकू का?" कारण सोपं होतं. मोठ्या पातेल्याखाली छोटी शेगडी, आच फक्त मधोमध लागत होती. तिने पातेलं थोडं थोडं फिरवून सगळीकडे भोकं पडू दिली. कृतीत '(सगळीकडे)' घालायचं का यावर मी बराच वेळ घोळत राहिले. घातलं तर कुणी शेवटच्या कडेची वाट बघत मधला भात करपवायचा. नाही घातलं. तिच्यासारखं थांबून विचारणारा माणूस तसाही चुकत नाही.

हे कॅप्शन फक्त पांढऱ्या तांदळाचं आहे. ब्राऊन राईसला वरचा कोंड्याचा थर असतो, पाणी आत शिरायला वेळ लागतो. त्याला पाणीही जास्त लागतं आणि झाकणाखालचा वेळ कितीतरी अधिक, चाळीस मिनिटांच्या आसपास. ते एका कंसात बसवायचा प्रयत्न करून पाहिला आणि दोन्ही कृती बिघडल्या. आता त्याचं वेगळं कॅप्शन लिहितेय. त्यात भोकांची खूण तशीच्या तशी चालत नाही, कारण भोकं पडेपर्यंत दाणा अर्धाही शिजलेला नसतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती तिथे खरोखर करावी लागते. एक शीत काढून दोन बोटांत चेपायचं, मधे कडक कणी लागली तर आणखी पाव कप गरम पाणी घालून परत झाकायचं. आणि हे लिहायचं म्हणजे 'झाकण उघडू नका' ही ओळ काढावी लागणार.